विलायती पाहुण्यांसाठी मामंजींचं भाषण

माझ्या लग्नात माझ्या वडिलांनी एकच अट घातली होती. मी पुण्याच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी सहावीपर्यंत शिकले होते, मॅट्रिकचं एक वर्ष उरलं होतं. ते वर्ष पुरं करायला मला पुण्याला पाठवायचं, एवढीच ती अट. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तेव्हा लगेच म्हणाले होते, "पाठवू की. शिकलेली सून घरात यायला नशीब लागतं." ते हे अगदी मनापासून म्हणाले होते आणि त्यांच्या मनापासूनपणाबद्दल मला आजही शंका नाही.

रत्नागिरीला आल्यावर पहिला जून जाऊबाईंच्या बाळंतपणात गेला. दुसऱ्या जूनला नक्की जायचं असं ठरलं. माझा भाऊ मे महिन्याच्या अखेरीस कोल्हापूरवरून सर्व्हिस मोटारीनं न्यायला येणार होता. ट्रंकेत मी दोन पातळं आणि माझी जुनी व्याकरणाची पुस्तकं वेगळी काढून ठेवली होती.

मामंजींचा आंबे डब्यात भरायचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं ते आम्हीच. शहराबाहेर कातळावर जांभ्या दगडाची एक लांबट शेड, वर कौलं, मागे विहीर आणि लाकडांचा ढीग. हंगामाचे दोन महिने तिथं आसपासच्या वाड्यांतल्या बायका पाटांवर बसून पिकल्या हापूसच्या साली काढायच्या, फोडी करायच्या. फोडी डब्यात घालून वर साखरेचा पाक ओतायचा, झाकण डाख लावून, म्हणजे कथील वितळवून सांधून, बसवायचं. झाकणाला मधोमध एक बारीक भोक ठेवलेलं असे. डबा गरम पाण्यात ठेवला की आतली हवा त्या भोकातून निघून जायची, मग डाख लावायच्या तापल्या सळईनं, डाखणीनं, त्यावर एक ठिपका द्यायचा आणि डबा पुन्हा उकळत्या पाण्यात सोडायचा. निवल्यावर झाकण किंचित आत बसलं तर डबा साधला. फुगला तर तो टाकून द्यायचा. मामंजी स्वतः प्रत्येक डब्यावर बोटानं टकटक करून कान देऊन ऐकत. या कामात कुणी लुडबुड केलेली त्यांना आवडत नसे आणि कुणाला ते सोपवतही नसत.

माल मुंबईला जाई. पण मामंजींना तो विलायतेला पाठवायचा होता. त्यांनी मुंबईच्या एका दलालाला किती वेळा विनवलं कोण जाणे, पण त्या वर्षी मे महिन्यात निरोप आला की लंडनचा एक फळांचा व्यापारी आपल्या पत्नीसह हिंदुस्थानात आला आहे, कोकणचे आंबे झाडावर बघायची त्याला हौस आहे, तो बोटीनं रत्नागिरीला येईल, मुसाफिरबंगल्यात राहील आणि एक सकाळ कारखाना बघेल.

घरात जणू लग्नच निघालं. शेडला चुना मारला, वाटेवर वाळू पसरली. आणि मामंजींनी ठरवलं की आपण स्वागताचं भाषण करायचं.

मामंजी मराठी चौथीपर्यंत शिकलेले. पण त्यांना शब्दांचा फार सोस. कुणाच्या मुंजीचं निमंत्रण असो की बागेच्या वाटणीचा कागद, लोक त्यांच्याकडून लिहून घेत. त्यांनी पडवीत झोपाळ्यावर बसून दोन दिवस भाषण लिहिलं आणि मग प्रश्न उभा राहिला की हे इंग्रजीत करणार कोण.

आमच्या ओळखीचे एक वकील होते. मामंजी त्यांच्याकडे गेले. पण ते दिवस मिठाच्या चळवळीनंतरचे. वकिलांच्या अंगावर खादी आली होती, त्यांचा पुतण्या तुरुंगात जाऊन आला होता. ते म्हणाले, "तुमच्या धंद्याला माझी ना नाही. पण साहेबाचं स्वागत माझ्या हातून लिहवून घेऊ नका, आणि मला बोलावूही नका." हायस्कुलातल्या इंग्रजीच्या मास्तरांनी प्रकृतीचं कारण सांगितलं. मामंजी घरी आले ते तोंड पाडून. पागोटं खुंटीला अडकवता अडकवता त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी माजघराच्या दारात तांदूळ निवडत होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुला येईल का गं हे?"

माझे यजमान इंटरपर्यंत शिकलेले होते. इंग्रजी त्यांना माझ्यापेक्षा जास्त समजायचं. पण ते तोतरे होते. घरात, माझ्याशी, त्यांची जीभ बरीच मोकळी असे. परक्या माणसापुढे पहिलं अक्षरच अडकून बसे. त्यामुळे कॉलेज सोडून ते परत आले होते. लोकांनी समजूत करून घेतली होती की त्यांना काही येत नाही, आणि त्यांनी ती समजूत मोडायचा प्रयत्न सोडून दिला होता.

मी भाषांतर करायला बसले. खरं सांगते, मला फार आनंद झाला होता. वर्षभरानं इंग्रजी लिहायला मिळत होतं. पण पहिल्याच वाक्याला मी अडले. मामंजींनी लिहिलं होतं, 'आपण आमच्या या झोपडीवजा कारखान्यात पायधूळ झाडलीत, आपले पाय या भूमीला लागले.' जसंच्या तसं इंग्रजीत केलं तर पाहुण्यांना वाटलं असतं की आपण पाय झटकून घाण केली, नाहीतर कशाला लाथ मारली. पुढं होतं, 'आमचं हे वेडंवाकडं गोड मानून घ्यावं.' पाकातल्या आंब्यांच्या कारखान्यात 'गोड' म्हटल्यावर ते साखरेबद्दलच समजले असते. 'आम्ही पामर' होतं, 'कस्तुरीपुढं माती' होतं. मी त्या सगळ्याचा अर्थ काढला आणि साध्या वाक्यांत लिहिला. तुम्ही आलात हा आमचा मान आहे. आमचा कारखाना लहान आहे. जे आहे ते आम्ही मनापासून दाखवतो.

मामंजींनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण लांबी दिसत होती.

"माझं पानभर आणि तुझं अर्ध्यातच संपलं?"

"मामंजी, इंग्रजीत एवढं लागत नाही."

"लागत नाही म्हणजे? माझं काहीतरी गळलंय." त्यांनी ह्यांना हाक मारली. "हे वाच आणि मला मराठीत सांग. हिनं काय लिहिलंय ते मला हिच्याकडून नको, तुझ्याकडून हवं."

ह्यांनी कागद हातात घेतला, वाचला आणि हळूहळू सांगू लागले, "तुम्ही आलात, त्यामुळे आम्हांला मान म-मिळाला."

"पायधूळ?"

हे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "त्यांच्यात पायधूळ झाडणं हे चांगलं समजत नाहीत."

"नसतील समजत. पण मी समजतो ना? भाषण माझं आहे."

सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, तिला कळतं तेवढं करू दे की." त्यावर मामंजी म्हणाले, "तिला कळतं म्हणूनच सांगतोय. नाहीतर कशाला सांगितलं असतं?"

तेव्हापासून रोज दुपारी मला ते पडवीत बसवत. एकेक वाक्य. माझी कामं जाऊबाईंवर पडत, त्या धुसफुसत. मी एक वाक्य इंग्रजीत करायचं, ह्यांनी ते उलटून मराठीत सांगायचं, आणि मामंजींनी काय गळलं ते धरायचं. पाहुण्यांना विचित्र वाटेल अशी वाक्यं मी लिहिली तर पाहुणे मनात हसणार. नाही लिहिली तर मामंजी दुखावणार. आणि दोन्ही बाजूंना उत्तर द्यायला मीच. एकदा मी चिडून म्हटलं, "मग तुम्ही सांगाल ते शब्दशः लिहिते." तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "नको. ते हसतील असं नको. पण माझंही काही जायला नको." हे कसं करायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी मी पायधुळीच्या जागी लिहिलं की आमच्याकडे पाहुण्याच्या पायाची धूळसुद्धा घराला शोभा आणते असं मानतात. 'आमच्याकडे मानतात' हे शब्द घातले आणि पाहुणे व मामंजी, दोघांनाही मी त्यातून सोडवलं. ह्यांनी ते उलटून सांगितलं तसे मामंजी झोपाळ्यावरून उठले. "आली! पायधूळ आली!"

ठरलं असं की मामंजींनी एक परिच्छेद मराठीत म्हणायचा आणि ह्यांनी तो इंग्रजीत वाचायचा. मी ह्यांच्याकडून ते खोलीत वाचून घ्यायची. माझ्यापुढे ते छान वाचत. मी म्हणायची, "बघा, जमतंय." ते म्हणायचे, "तुझ्यापुढे जमतं."

पाहुणे आले त्या सकाळी शेडसमोर मांडव घातला होता. साहेब उंच, लालबुंद, टोपी हातात घेऊन वारा घेणारे. बाई त्यांच्यापेक्षा वयानं लहान वाटल्या. सुती पांढरा पोशाख, पायांत जाड बूट. त्या प्रत्येक पाटाशी थांबून बायकांच्या हातातल्या सुऱ्या बघत होत्या. मामंजी त्यांना खुणेनं सगळं दाखवत होते आणि हे मागे गप्प उभे होते. मी साल काढणाऱ्या बायकांच्या रांगेशेजारी सासूबाईंबरोबर डोक्यावरून पदर घेऊन उभी होते. शहरातली इंग्रजी जाणणारी माणसं कुणी आली नव्हती. आले होते ते बागवाले शेजारी, आमचे नातेवाईक आणि कामगार.

मामंजी बोलायला उभे राहिले. आवाज खणखणीत. पहिला परिच्छेद झाला, लोकांनी मान डोलावली. हे पुढे झाले. कागद समोर धरला. पहिला शब्द 'वी' होता. ह्यांचे ओठ पुढे आले आणि तिथंच राहिले. मानेची शीर फुगली. साहेबांनी सभ्यपणे नजर जमिनीकडे वळवली. मला वाटलं, कुणीतरी खोकावं, एखादा डबा तरी पडावा.

"सूनबाई," मामंजी म्हणाले, "ये पुढं."

सासूबाईंनी माझा दंड धरला, मग सोडला. मी गेले. ह्यांच्या हातातून कागद घेताना आमची बोटं लागली, त्यांची गार होती. मी वाचलं. पदर सावरत, पायाच्या अंगठ्याकडे बघत वाचलं, पण वाचलं. बाई पुढं वाकून ऐकत होत्या. पायधुळीपाशी त्यांनी मान हलवून आपल्या यजमानांकडे बघितलं आणि दोघं हसले, पण चांगलं हसले. एकेक परिच्छेद मामंजींचा, एकेक माझा. बायकांच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "वैनी कशी बोलतायत बघ गो." शेवटी टाळ्या झाल्या. साहेबांनी उठून सांगितलं की इतकं सुंदर स्वागत आपलं कुठंच झालं नव्हतं. मी ते मराठीत सांगितलं.

इथं संपायला हवं होतं. पण मामंजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हात जोडून ते पुन्हा बोलायला लागले. आता कागदात नसलेलं.

"पाहुणेमंडळी, ही माझी धाकटी सून. ही पुण्याला शिकायला जाणार होती. पण आता मी सगळ्यांसमक्ष सांगतो, ती कुठंही जाणार नाही. आता ती इथंच राहील आणि तुमच्याशी आमचा सगळा पत्रव्यवहार हिच्या हातून होईल. अशी माणसं घरात असताना आम्हांला कसली चिंता?"

पुन्हा टाळ्या. या वेळी जास्त मोठ्या. बागवाले शेजारी माझ्याकडे कौतुकानं बघत होते. मामंजी माझ्याकडे वळले, चेहरा आनंदानं फुललेला. "सांग, सांग त्यांना."

मी उभी होते. ती वाळू, तो चुन्याचा वास, फोडींवर घोंघावणाऱ्या माश्या, सगळं जवळ आल्यासारखं वाटलं. इतका वेळ मी 'आय' म्हणत होते ते मामंजींचं 'मी' होतं. माझे वडील, माझा कारखाना, माझी इच्छा, सगळं त्यांचं. आता 'आय विल स्टे' म्हटलं असतं तर ते मामंजींबद्दल झालं असतं. म्हणून मी स्वतःला 'शी' म्हटलं. त्यांची सून शिकायला जाणार होती, ती आता जाणार नाही, ती इथं राहून तुम्हांला पत्रं लिहील.

बाईंना कळेना. त्यांनी विचारलं, "ही सून कोण?"

"मीच," मी इंग्रजीत म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग हळू, सावकाश, मला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करून विचारलं, "आणि तिची तशी इच्छा आहे?"

त्यांनीही 'ती' म्हटलं. मला वाटतं, मला सोपं जावं म्हणून म्हटलं.

"काय म्हणतायत बाई?" मामंजींनी विचारलं.

मी दिवसचे दिवस झोपाळ्यासमोर बसून काही गळू नये एवढंच शिकले होते. मी मराठीत सांगितलं, "बाई विचारतायत, हिची तशी इच्छा आहे का?"

मामंजी मोठ्यांदा हसले. त्या हसण्यात कपट नव्हतं. "म्हणावं, असणारच! का नसेल? सांग त्यांना."

मला माझ्या इच्छेबद्दलचा प्रश्न दुसऱ्याकडे न्यायचा होता आणि तिथलं उत्तर घेऊन परत यायचं होतं. मी बाईंकडे वळले. म्हटलं, "ते म्हणतात, का नसेल."

तेवढ्यात माझ्या मागून एक आवाज आला. हे बोलत होते. त्या सगळ्या माणसांसमोर, मराठीत.

"त-त-तिला विचारलंय."

मामंजींनी वळून बघितलं. ह्यांचा चेहरा घामानं डबडबला होता. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, शब्द एकदम बाहेर फेकल्यासारखा आला. "बाबा, तिला विचारलंय. तुम्हांला नाही."

मांडवात कुणी हललं नाही. डाखणीच्या शेगडीवर कोळसा तडतडला तो ऐकू आला. बायकांच्या रांगेतली एक हळूच म्हणाली, "काय झालां?" दुसरीनं तिला गप्प केलं. साहेब घड्याळ बघून पुन्हा खिशात ठेवत होते. सगळे माझ्याकडे बघत होते: बाई, मामंजी, सासूबाई, बागवाले, आणि हे. दार उघडलं होतं. माझ्या नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोलून ते माझ्यासाठी उघडलं होतं. मला फक्त एक शब्द म्हणायचा होता, कुठल्याही भाषेत.

मी म्हटलं, "मामंजी म्हणतील तसं."

मराठीतच म्हटलं. सगळ्यांना ऐकू आलं. मांडवातून सुस्कारा सुटला, मग टाळ्या. मामंजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी बाईंना काहीच भाषांतर करून सांगितलं नाही आणि त्यांनीही परत विचारलं नाही. शहाळी फोडायला घेतली. मी मागे बघितलं तेव्हा हे तिथं नव्हते.

लोक नंतर मला विचारत, तू का नाही बोललीस? मी माझ्या मुलीलाही हे सांगितलं तेव्हा तिनं हेच विचारलं. मी 'नाही' म्हटलं असतं तर मामंजी सगळ्या गावासमोर, परक्या साहेबासमोर खोटे ठरले असते, आणि ते माझ्या तोंडून. ज्यांनी दोन दिवस बसून पायधूळ झाडायची वाक्यं रचली त्या माणसाला मी तसं कसं केलं असतं? आणि नाही केलं म्हणून मी काय केलं, तेही मला दिसतंच आहे.

संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी मामंजींनी मला पडवीत बोलावलं. पाहुणे मुसाफिरबंगल्यावर गेले होते. जाताना साहेबांनी नमुन्याचे डबे मागितले होते, म्हणून घरात आनंद होता. मामंजी झोपाळ्यावर बसले होते पण झोका घेत नव्हते.

"तुला जायचं होतं?"

"हो."

"मग तिथं बोलली का नाहीस?"

"तिथं?" मी म्हटलं.

त्यांनी मला समोर बसायची खूण केली. मग म्हणाले, "मी तुझा मान केला असं मला वाटलं. खरंच वाटलं. चार माणसांत सुनेचं नाव कोण घेतं?"

"मला कळलं ते."

"आता शब्द मागे कसा घेऊ? साहेबाला सांगून झालंय." मग एकदम, जणू आत्ताच सुचल्यासारखं, "तू ते इंग्रजीत सांगितलंच नसतंस तर? मला कुठं कळणार होतं?"

मी म्हटलं, "तुम्ही 'सांग' म्हणालात. आणि काही गळायला नको, हेही तुम्हीच म्हणाला होतात."

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. रागावतील असं मला वाटलं. पण त्यांनी दोन्ही हातांनी झोपाळ्याची कडी धरली आणि मान खाली घातली. दोघंही आपापल्या शब्दांत अडकलो होतो. त्यांचे त्यांनी बोललेले आणि माझे मी भाषांतर केलेले. सासूबाई दिवा घेऊन आल्या, आमच्याकडे बघून दिवा ठेवून परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी विहिरीपाशी मी एकटी असताना हे आले.

"मी उगीच बोललो," ते म्हणाले. एकदाही अडखळले नाहीत.

"उगीच नाही."

"मग?"

मी घागर उचलली. ते म्हणाले, "मला वाटलं, मी बोललो तर तूही बोलशील." हे त्यांनी टोचून म्हटलं नव्हतं. पण ते वाक्य मला जन्मभर टोचत राहिलं.

भाऊ ठरल्याप्रमाणे आला. मामंजींनी त्याला पंक्तीत पहिल्या पाटावर बसवलं, कारखाना दाखवला, माझ्या भाषणाचं कौतुक सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो आंब्यांची पेटी घेऊन सर्व्हिस मोटारीनं कोल्हापूरला परत गेला. मोटार सुटताना त्यानं खिडकीतून विचारलं, "वडिलांना काय सांगू?" मी म्हटलं, "सांग, यंदा जमलं नाही." पाऊस सुरू झाला, बंदरातल्या बोटी बंद झाल्या, आणि गावाला बाहेरून येणारं जे काही होतं ते घाटातून टपालानंच येऊ लागलं.

त्या टपालाला उत्तरं मी लिहू लागले. कारखान्याच्या एका कोपऱ्यात पार्टिशन घालून मला टेबल दिलं. लंडनहून नमुन्यांबद्दल पत्र आलं, आंबा पसंत पडला म्हणून. मग एक छोटी ऑर्डर. मग तक्रार, की समुद्रावरच्या दमटपणानं काही डब्यांच्या सांध्यांना गंज धरला. प्रत्येक पत्र मामंजी माजघरात सगळ्यांसमोर माझ्याकडून मराठीत वाचून घेत. बाईंनी कधीकधी साहेबांच्या पत्राखाली माझ्यासाठी दोन ओळी लिहिलेल्या असत: तुम्ही बऱ्या आहात ना, काही वाचता का. त्याही ओळी मला सगळ्यांसमोर वाचाव्या लागत. मी खालमानेनं वाचत असे. मामंजी म्हणत, "बघा, बाईंना आठवण आहे." उत्तर काय लिहायचं तेही तेच सांगत. मी बरी आहे, आपली कृपा आहे.

त्यांच्या बाजूनं मी एवढं नक्की सांगेन, की त्यांनी मला कधी हिशेबात धरलं नाही असं झालं नाही. बाजारात ते मला विचारल्याशिवाय डब्यांची किंमत ठरवीत नसत. बागवाल्यांना ते सांगत, "कारखाना माझा, पण तोंड सूनबाईंचं." मी ते ऐकलं की आत जाऊन बसायची.

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. जून आला, गेला. त्याच्या पुढच्या वर्षी लंडनच्या साहेबांचं पत्र आलं की दुसऱ्या देशातून स्वस्त माल मिळतो आहे, तुमच्या आंब्याची चव आम्ही विसरणार नाही, पण आता मागणी बंद करत आहोत. मी ते पडवीत वाचून दाखवलं. शब्दाला शब्द. मामंजींनी ऐकलं. त्यांचं विलायतेचं स्वप्न त्या दुपारी संपलं, पण त्यांनी ते तोंडावर दाखवलं नाही. पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मी साहेबाला दिलेला शब्द आता संपला. तू मोकळी आहेस. पुण्याला जायचं तर जा. मी स्वतः पोचवीन."

ते खरंच पोचवणार होते. त्यांनी भाऊबीजेच्या वेळी माझ्या वडिलांना तसं लिहिलंही. पण मुलगी अंगावर पीत होती, सासूबाईंना दम्याचा त्रास सुरू झाला होता, जाऊबाई आपल्या मुलांना घेऊन मुंबईला राहायला गेल्या होत्या. मी "विचार करते" म्हटलं. ह्यांनी मला दोनदा विचारलं, "जायचंय का? नीट सांग, आता इथं कुणी नाही." मी "हो" म्हटलं. मामंजींपुढं पडवीत म्हटलेलं 'हो' झाल्यागेल्याबद्दल होतं, हे पुढच्यासाठी होतं. पण त्यामागून लगेच "यंदा नको" असंही मी म्हटलं, आणि पुढच्या वर्षीही मीच म्हटलं, त्याच्या पुढच्या वर्षी कुणी विचारलंच नाही. मॅट्रिकची परीक्षा मी दिली नाही.

मामंजी मला 'मोकळी' म्हणाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे मुलीला झोपवून कारखान्यात गेले. मुंबईच्या दलालाचं इंग्रजी पत्र टेबलावर पडलं होतं, त्याला उत्तर हवं होतं. मला कुणी जायला सांगितलं नव्हतं. मी खुर्ची ओढली, टाक शाईत बुडवला आणि तारीख घातली.